राखून ठेवलेल्या कोअरचं बिल कोणाचं?

एका वाढत्या कंपनीचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. पेमेंट, सर्च आणि रिपोर्ट या तिच्या तीन टीम भाड्याच्या क्लाउड सर्व्हरांचा एकच ताफा वापरतात. त्यात 100 कोअर आहेत आणि महिन्याचं बिल 3 लाख रुपये, म्हणजे कोअरमागे 3,000. बिल कंपनीच्या नावावर एकत्र येतं. त्यात कोणत्या टीमचा किती वाटा, हे लिहिलेलं नसतं.

प्रत्येकी 1 लाख लावले, तर छोटं काम करणारी रिपोर्ट टीम लगेच हरकत घेईल. मग ‘वापराल तितकं भरा’ हा नियम न्यायाचा वाटतो, पण खरी मेख तिथेच आहे. पेमेंट टीमने 50 कोअर राखून ठेवलेत आणि सरासरी वापरते 15. सर्च 30 राखून 27 वापरते, रिपोर्ट 10 राखून 8. राखलेली जागा मोकळी पडली, तरी कुबरनेटीस ती दुसऱ्या कोणाला राखू देत नाही. एकूण वापर 50 कोअरचा. त्यावर 3 लाख वाटले, तर पेमेंटला 90,000 आणि काटकसरी सर्चला तब्बल 1,62,000 रुपये पडतात!

म्हणून आरक्षण आणि वापर यांपैकी जो आकडा मोठा, त्यावर आकारणी करावी. ओपनकॉस्ट हे मोफत साधन असाच हिशेब करतं. आता पेमेंटला दीड लाख, सर्चला 90,000, रिपोर्टला 30,000. कोणीच न राखलेल्या 10 कोअरचे 30,000 ताफा सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीमच्या नावावर, कारण मशिन कमी करणं तिच्याच हातात असतं.

हा तक्ता दरमहा टीमना नुसता दाखवायचा, पैसे कंपनीनेच भरायचे, याला शोबॅक म्हणतात. चार्जबॅकमध्ये ती रक्कम टीमच्या बजेटमधून खरोखर वळती होते.

माझ्या मते सुरुवात शोबॅकनेच करावी. पहिल्या तक्त्यांत चुका असतातच: कुठे लेबल नसतं, कुठे बंद झालेल्या टीमचं नाव असतं. शोबॅकमध्ये त्या एका फोनवर दुरुस्त होतात. चार्जबॅकमध्ये हिशेब विभागाला नोंदी उलटवाव्या लागतात. पण खिशाला झळ नसेल, तर काही महिन्यांनी तक्ता कोणी उघडूनही पाहत नाही. बिनलेबलचा खर्च नगण्य उरला आणि टीम ‘आकडा चुकलाय’ऐवजी ‘हा कमी कसा करू?’ असं विचारू लागल्या, की चार्जबॅकची वेळ झाली.

तेव्हाही एक गोष्ट तपासत राहावी लागते. पेमेंटने आरक्षण 50 वरून 20 वर आणलं, तर तिचे 90,000 वाचतात. कंपनीचं बिल मात्र 3 लाखच राहतं, कारण मोकळे झालेले 30 कोअर ताफ्यातच असतात. प्लॅटफॉर्म टीमचा आकडा 30,000 वरून 1,20,000 होतो. तो इतरांवर वाटून टाकला, तर कोणाच्या नजरेत येणार नाही. तिच्याच नावावर ठेवला, तर ती मशिन काढायला लागेल. मात्र सवलतीसाठी एक किंवा तीन वर्षांचा करार केलेला असेल, तर तो संपेपर्यंत ही बचत कागदावरच राहते.