सहा चौकटींची कसोटी

अमेरिकेत १९७२पासून होणाऱ्या 'जनरल सोशल सर्व्हे'त लोक स्वतःला कोणत्या पक्षाचे मानतात, हेही विचारतात. १९९१च्या उत्तरांचं एक कोष्टक संख्याशास्त्राच्या वर्गात आजही सोडवलं जातं. ५७७ स्त्रियांपैकी २७९ डेमोक्रॅट, ७३ कोणत्याच पक्षाच्या नाहीत, २२५ रिपब्लिकन. ४०३ पुरुषांमध्ये हेच आकडे १६५, ४७ आणि १९१. स्त्रियांचा कल डेमोक्रॅटांकडे दिसतो खरा, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल का, हे काय-वर्ग कसोटी तपासते.

आधी संबंध नाहीच असं धरायचं. एकूण ९८० जणांत ४४४ डेमोक्रॅट आहेत. तेच प्रमाण स्त्रियांना लावलं, म्हणजे ५७७ला ४४४ने गुणून ९८०ने भागलं, की २६१.४ येतात. ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात आहेत २७९, म्हणजे १७.६ जास्त. या फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचं: १.१८. सहाही चौकटींचं असं करून बेरीज केली की ७.०१ येते.

आता ७.०१ मोठे म्हणायचे की लहान? कार्ल पिअर्सनने १९०० साली ही कसोटी मांडली. त्याच्या हिशेबाने सहा चौकटींना पाच 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' मिळतात आणि पाच टक्के पातळीवरची सीमा ११.०७ ठरते. म्हणजे फरक योगायोगाचा! रोनाल्ड फिशरने १९२२ साली यातली चूक दाखवली. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा आपण कोष्टकातूनच घेतल्या आहेत. त्या ठरलेल्या असताना स्त्रियांच्या ओळीतल्या दोन चौकटी भरल्या की उरलेल्या चारही आपोआप भरतात. म्हणून मोकळ्या चौकटी दोनच, आणि सीमा ५.९९. आपले ७.०१ तिच्या पलीकडे जातात. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. फिशरची ही दुरुस्ती मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

बेरजेवर थांबू नये. सर्वांत मोठा वाटा रिपब्लिकन पुरुषांच्या चौकटीचा आहे, २.३२. पक्ष न मानणाऱ्यांच्या दोन्ही चौकटी मिळून ०.२सुद्धा होत नाही. संबंध कुठे आहे, ते अशा वाट्यांवरून कळतं.

एक माणूस एकाच चौकटीत हवा; 'लागू असतील ते सर्व पर्याय निवडा' अशा प्रश्नाला ही रीत चालत नाही. अपेक्षित संख्या पाचाखाली गेल्या, तर सीमेवर फार विसंबू नये. सर्वांत जपायचं ते टक्क्यांपासून. याच कोष्टकात माणसांऐवजी प्रत्येक ओळीचे टक्के भरले, तर बेरीज दीडच्या आसपास येते आणि फरक नाहीसा होतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्हीकडे शंभर-शंभर माणसंच असतात. म्हणून छापील अहवालातले टक्के तपासायचे असतील, तर प्रत्येक गटात माणसं किती होती ते आधी शोधावं. तो आकडा दिलेलाच नसेल, तर ही कसोटी करता येत नाही.