संशोधन तुमचं आहे, हे समितीला कसं कळतं?

सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला उमेदवार शोधनिबंधांची जाडजूड फाईल घेऊन जातात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्या, नेट-सेट आणि प्रकाशनांचे गुण मुलाखतीचं बोलावणं येण्यापुरतेच असतात. पुढची निवड मुलाखतीवर ठरते. म्हणून समोर बसलेले विषयतज्ज्ञ फाईल बाजूला ठेवतात आणि काम खरंच या माणसाने केलंय का, हे तपासू लागतात.

समजा, रसायनशास्त्राच्या एका उमेदवाराची पीएच.डी. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. सादरीकरणाला दहा मिनिटं मिळतात. त्यातली पाच-सहा मिनिटं आधीच्या संशोधनाचा आढावा घेण्यातच गेली, तर स्वतःच्या कामाला वेळ उरत नाही. प्रश्न काय होता, नमुने कुठून आणि कधी घेतले, काय सापडलं, हे पहिल्या दोन मिनिटांत आलं की तज्ज्ञ सावरून बसतात. मग प्रश्न येतो, "नायट्रेट २२० नॅनोमीटरला मोजलंत, पण पाण्यातले सेंद्रिय पदार्थही तिथे प्रकाश शोषतात. मग?" ज्याने स्वतः यंत्रावर काम केलंय, तो लगेच सांगतो, "२७५ ला दुसरं वाचन घेतलं आणि त्याची दुप्पट पहिल्यातून वजा केली. सेंद्रिय पदार्थ फार असतील तर मात्र ही पद्धत चालत नाही." पद्धतीची मर्यादा उमेदवाराने आपणहून सांगितली की समितीचा विश्वास बसतो.

अध्यापनाबद्दल विचारल्यावर 'विद्यार्थिकेंद्री शिक्षण' एवढंच म्हणून भागत नाही. एक तास डोळ्यांपुढे उभा करावा लागतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बिअर-लँबर्ट नियम शिकवताना हा उमेदवार आधी मुलांना आलेख कसा येईल ते वहीत काढायला सांगतो. मग द्रावण दाट करत नेलं की सरळ रेषा वाकते, ते प्रत्यक्ष दाखवतो. कोणाचा अंदाज कुठे चुकला, हे वह्यांवरून कळतं आणि पुढचा तास तिथूनच सुरू होतो.

प्रकाशनांवरचे प्रश्न सर्वांत बारीक असतात. पाच लेखकांमध्ये तुमचा वाटा कोणता? परीक्षकांनी काय बदलायला लावलं? यूजीसी-केअरची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून 'नियतकालिक यादीत आहे' हे उत्तर पुरत नाही. पैसे भरून चार दिवसांत छापलेल्या निबंधाला परीक्षकांचे शेरेच नसतात, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नालाच उमेदवार अडतो. असा निबंध यादीतून आधीच काढलेला बरा. ज्याच्या प्रत्येक आकड्याचा हिशेब देता येतो, असे दोन निबंध घेऊन आत जाणाऱ्याची बाजू भक्कम असते.