आई ‘ओ’, बाळ ‘ए’ आणि पहिल्या दिवसाची कावीळ

आईचा रक्तगट ‘पॉझिटिव्ह’ असला की घरचे निर्धास्त होतात. पण ओ पॉझिटिव्ह आईला ए पॉझिटिव्ह बाळ झालं, तर रक्तगट न जुळल्याची कावीळ पहिल्याच बाळंतपणात होऊ शकते.

ओ गटाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. आतड्यातल्या जिवाणूंमुळे ती लहानपणीच तयार होतात, त्यासाठी आधीचं बाळंतपण लागत नाही. ओ गटाच्या आईत त्यांतली काही आकाराने लहान, वार ओलांडून जाणारी असतात. ती बाळाच्या लाल पेशींना चिकटतात, पेशी लवकर फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं.

तरीही बहुतेक ‘ए’ बाळांना काहीच होत नाही. नवजात बाळाच्या लाल पेशींवर ए गटाच्या खुणा अजून विरळ असतात. शिवाय त्याच खुणा शरीरातल्या इतर पेशींवर आणि रक्तद्रवातही असल्यामुळे आईची बरीच प्रतिपिंडं तिथेच अडकून पडतात.

आरएचचं तसं नाही. ती खूण फक्त लाल पेशींवर, आणि गर्भातच पुरती तयार असते. आरएच निगेटिव्ह आईच्या शरीराला तिची ओळख साधारणपणे पहिल्या पॉझिटिव्ह बाळाच्या वेळी होते, म्हणून फटका पुढच्या बाळाला बसतो. तो गर्भातच बसतो : तीव्र रक्तक्षय, अंगावर सूज, कधी मृत्यू. ‘अँटी-डी’ इंजेक्शन २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत देतात, ते आईच्या शरीरात ही प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. ओ-ए प्रकारात असं इंजेक्शन नाही, कारण प्रतिपिंडं आधीच असतात.

समजा, पूर्ण दिवसांचं, छान दूध पिणारं ए गटाचं बाळ २२ तासांतच पिवळं दिसलं. बिलिरुबिन ११ मिलिग्रॅम भरलं, हिमोग्लोबिन ठीक, कूम्ब्स चाचणी किंचित पॉझिटिव्ह. (ती निगेटिव्ह आली तरी हे निदान पुसलं जात नाही.) डॉक्टर बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडू लागतं. बहुधा दोनेक दिवसांत आकडा उतरतो. रक्त बदलण्याची वेळ क्वचितच येते. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, त्याने ही कावीळ वाढत नाही. काही बाळांचं हिमोग्लोबिन पुढच्या आठवड्यांत उतरतं, म्हणून ते पुन्हा तपासतात.

कोवळ्या उन्हात धरणं हा यावरचा उपाय नव्हे. बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूला कायमची इजा होते, आणि ते सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे अनेकदा घरी गेल्यावर, सर्वांत जास्त असतं. आई ओ गटाची असेल तर बाळाचा गट विचारून घ्या. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेना, तर त्याच दिवशी बिलिरुबिन तपासून घ्या.