पालेभाजी नको म्हणणाऱ्या मुलीचं ताट

मागच्या महिन्यात हिर्डोशीतल्या एक ताई आमच्याकडे आल्या. मुलगी पंधरा वर्षांची, तपासणीत हिमोग्लोबिन ११.३ निघालं. या वयात १२ तरी हवं. ११ ते ११.९ म्हणजे सौम्य रक्तक्षय. ताई म्हणाल्या, "रोज पालकावरून भांडण होतं. ती ताटाला हातच लावत नाही."

आम्ही म्हटलं, भांडण थांबवा. पालेभाजीतलं लोह अंगी फारसं लागतच नाही, पालकाचं तर कमीच. लोह कडधान्यांतूनही मिळतं. आधी मुलगी दिवसभर काय खाते ते विचारलं. सकाळी चहा-चपाती, दुपारी डब्यात चपाती-बटाटा, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री भात आणि पातळ आमटी. भातात लोह नावालाच आणि चहा असलेलं लोहही अडवतो. खरी अडचण इथे होती.

मग ताईंबरोबर बसून ताट बदललं. सकाळी चहाऐवजी मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची गूळ घातलेली आंबील. मोड आणल्याने लोह जास्त लागू पडतं. डब्यात चपातीबरोबर मोडाची मटकी किंवा चवळी, आणि वेगळी लिंबाची फोड. लिंबू खाताना पिळायचं, शिजवताना नाही. उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं आणि लोह शोषायला तेच मदत करतं. शाळेतून आल्यावर पेरू किंवा आवळा, सोबत मूठभर फुटाणे. रात्री भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लिंबू. चहा हवाच असेल तर जेवणानंतर तासाभराने.

घरी मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी द्या, एरवी सुकट किंवा मासे. त्यांतलं लोह सहज लागू पडतं, आणि त्याच ताटातल्या कडधान्याचं लोहही जास्त शोषलं जातं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या वयात रोज साधारण ३० मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात ते जेमतेम आठ-नऊ असतं, आणि एवढं कोणी एका दिवसात खात नाही. म्हणून हिमोग्लोबिन कमी असताना नुसत्या आहारावर राहू नका. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्या. रोज किती आणि किती महिने, ते डॉक्टर सांगतील. गोळी चहा-दुधाबरोबर नको. शौच काळसर झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. मळमळ झाली तर गोळी जेवणानंतर द्या, बंद करू नका. जंताची गोळीही विचारून घ्या.

महिन्याने पुन्हा तपासणी करा. एवढ्यात साधारण एक अंक वाढायला हवा. वाढला नाही, किंवा पाळीत रक्तस्राव फार होत असेल, दम लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. कारण दुसरंही असू शकतं.

त्या मुलीला आता मटकी आवडते. पालक मात्र अजून नाहीच, आणि त्याने काही अडलंही नाही.