सुरूच न होणाऱ्या सर्व्हरपर्यंत दुरून पोहोचताना

सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये आहे. रात्री त्यातली एक जुनी डिस्क काढून घेतली, मशीन रीस्टार्ट केलं आणि त्यानंतर ते नेटवर्कवर आलंच नाही. एसएसएच लागत नाही, पिंगला उत्तर नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती मदरबोर्डवरची बीएमसी नावाची चिप. हा स्वतंत्र छोटा संगणकच असतो. मुख्य मशीन बंद असलं, तरी वीजजोडणी असेपर्यंत तो जागा राहतो. त्याला बहुधा स्वतःचं नेटवर्क पोर्ट आणि आयपी पत्ता असतो. डेलच्या मशीनवर तो आयड्रॅक, एचपीईवर आयएलओ या नावानं मिळतो.

त्याच्या वेबपानावर लॉगिन करून रिमोट कन्सोल उघडला, की सर्व्हरच्या स्क्रीनवर जे दिसलं असतं तेच आपल्यासमोर येतं. पण लगेच रीसेटचं बटण दाबू नये. पडद्यावरची ओळ हाच तिथला सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. पडदा कोरा असेल, तर बीएमसीची घटनानोंद वाचावी. मेमरी किंवा पॉवर सप्लाय बिघडला असेल, तर बहुतेकदा तिथे कळतं.

आपल्या सर्व्हरवर मात्र `A start job is running for` ही ओळ दिसते. लिनक्स काढलेल्या डिस्कची वाट पाहतंय, कारण fstab या फाइलमध्ये तिचं नाव अजून आहे. सहसा दीड मिनिटानं ते थकतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. तिथे रूट पासवर्ड देऊन इतकंच करायचं:

```
mount -o remount,rw /
nano /etc/fstab
systemctl reboot
```

त्या डिस्कच्या ओळीपुढे # टाकला, की पुढच्या वेळी मशीन तिला शोधत बसत नाही. काही ठिकाणी रूटचं खातं मुळातच बंद असतं आणि पासवर्ड चालत नाही. मग बीएमसीतून लिनक्सची आयएसओ फाइल सीडी असल्यासारखी जोडायची, त्यावरून बूट करायचं आणि मूळ डिस्क माउंट करून तीच फाइल दुरुस्त करायची.

साध्या पीसीत बीएमसी नसतो. तिथे पायकेव्हीएमसारखं उपकरण लावतात. ते एचडीएमआयमधून चित्र उचलतं आणि यूएसबीवर कीबोर्ड, माउस असल्याची बतावणी करतं. पॉवरचं बटण दुरून दाबायचं असेल, तर मदरबोर्डच्या पॉवर बटणाच्या पिनांना वायर जोडावी लागते. ही वायर राहून गेली आणि मशीन गोठलं, तर गोठलेलं चित्र पाहत बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

बीएमसीचं पोर्ट थेट इंटरनेटवर कधीही उघडू नये. आयपीएमआय २.० या त्याच्या जुन्या भाषेत लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश समोरच्याला मिळतो. कमकुवत पासवर्ड त्यावरून निवांत बसून फोडता येतो. म्हणून ते पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर ठेवून तिथे व्हीपीएननंच जावं. ते व्हीपीएन याच सर्व्हरवर चालत नाही ना, हे मात्र आधीच तपासावं.