प्रश्न रद्द झाला, उत्तर बदललं. तुमच्या पोराचे गुण किती हलणार?

ईश्वरपूर : परीक्षेची अंतिम आन्सर की लागली, की वाळवा तालुक्यातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. एखादा प्रश्न रद्द झालेला असतो, नाहीतर एकाच प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरलेली असतात. मग गुण कुणाचे वाढतात आणि कुणाचे घटतात?

२०२४ च्या 'नीट'चं उदाहरण घ्या. भौतिकशास्त्राचा अणूंवरचा एक प्रश्न होता. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' असं एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात होतं, तर नव्या पुस्तकात 'बहुतेक' मूलद्रव्यांचे. त्यामुळे एनटीएने पर्याय २ आणि पर्याय ४ अशी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि पर्याय ४ हेच एकमेव बरोबर उत्तर असल्याचं सांगितलं. कोर्टाने जुलैमध्ये ते मान्य केलं.

पर्याय २ निवडलेली चार लाखांहून जास्त पोरं होती. त्यांचे +४ गुण गेले आणि चुकीच्या उत्तराचा -१ लागला, म्हणजे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. ७२० पैकी ७२० मिळवलेले ६१ जण होते, ते १७ उरले. पर्याय ४ लिहिणाऱ्यांचे आणि प्रश्न सोडून देणाऱ्यांचे गुण जागच्या जागी राहिले. पण पुढची लाखो पोरं खाली आल्यानं त्यांच्यातल्या अनेकांची रँक मात्र वर सरकली. म्हणून नुसते गुण पाहून भागत नाही, सुधारित रँकही बघावी लागते.

प्रश्न रद्द झाला तर हिशेब वेगळा. 'नीट'मध्ये सगळ्यांना ४ गुण देतात. ज्याचं उत्तर आधीच बरोबर होतं त्याला जादा काहीच मिळत नाही, सोडलेल्याला ४ मिळतात आणि चुकलेल्याला थेट ५ चा फायदा. अभ्यास करून बरोबर लिहिणाऱ्याला हे खुपतं, आणि ते रास्तच आहे.

दुसरी पद्धत म्हणजे तो प्रश्नच वगळून उरलेल्या प्रश्नांवर गुण काढायचे. समजा १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि दोघांना ७२-७२ गुण आहेत. रद्द प्रश्न पहिल्याचा बरोबर होता, त्यामुळे त्याचे ९९ पैकी ७१ उरले, शंभरात ७१.७२. दुसऱ्याचा तो चुकला होता, त्याचे ९९ पैकी ७२ म्हणजे ७२.७३. कालपर्यंत बरोबरीत असलेल्या दोघांत एका गुणाचं अंतर पडलं!

कुठली पद्धत लागू होते, ते त्या परीक्षेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. घरी हिशेब करताना ओएमआर शीटची प्रत आणि अंतिम आन्सर की शेजारी ठेवा, आणि आधी प्रश्नपत्रिकेचा कोड जुळवा. एकच प्रश्न वेगवेगळ्या कोडमध्ये वेगळ्या नंबरवर असतो. कोड चुकला की सगळा हिशेब चुकतो.