हंडी हलकी, दोर ताणलेला

गोपाळकाल्याच्या दिवशी चाळीच्या चौकात टांगलेली हंडी खालून बघताना अगदी हलकी वाटते. मातीचं मडकं, झेंडूच्या माळा, चार पताका. असं कितीसं वजन असणार? दोरावर येणारा ताण मात्र या वजनापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, आणि तो ठरतो दोर किती ताठ बांधला यावर.

समजा, चौक सोळा मीटर रुंद आहे आणि सजवलेली हंडी चार किलोंची. दोराला मधोमध एक मीटर झोळ ठेवला, तर दोन्ही टोकांना सुमारे सोळा-सोळा किलोंची ओढ बसते. हीच हंडी ‘दोर सरळ दिसायला हवा’ म्हणून खेचून, जेमतेम वीस सेंटिमीटर झोळ ठेवून बांधली, तर ओढ ऐंशी किलोंवर जाते. मडकं तेच, दही तेवढंच. वरच्या थरावरचा तीस किलोंचा गोविंदा तोल जाऊन दोराला लोंबकळला, की एक मीटर झोळ असूनही प्रत्येक टोकाला सव्वाशे किलोंहून अधिक भार येतो. म्हणून दोर खुशाल झोळदार दिसू द्यावा.

हा भार शेवटी भिंतीवर येतो. 2023 साली बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा इथे हंडीचा दोर बांधलेल्या गॅलरीचा भाग कोसळून एका लहान मुलीचा जीव गेला. गॅलरीचा कठडा, खिडकीचं ग्रिल, गच्चीची विटांची भिंत यांना आडव्या ओढीची सवय नसते. दोर बांधायचा तो इमारतीच्या सिमेंट-काँक्रीटच्या खांबालाच, खांबाच्या कडांवर गोणपाट गुंडाळून, म्हणजे दोर घासून कापला जात नाही. विजेच्या तारा जवळून जात असतील, तर जागाच बदलावी.

बांधताना वर चढणाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. 2025 साली मानखुर्दमध्ये पहिल्या मजल्याच्या ग्रिलवरून हंडीचा दोर बांधताना खाली पडून एका माणसाचा मृत्यू झाला. हा धोका कमी करायचा तर दोराचं एक टोक एका खांबाला निरगाठीने पक्कं करावं आणि दुसरं टोक समोरच्या खांबावरच्या कप्पीतून जमिनीपर्यंत आणावं. मग मडकं खालीच बांधता येतं, सजवता येतं आणि नंतर वर ओढता येतं. खालचं टोक खुंटाला तीन-चार विळखे देऊन अडकवावं. विळखे असले की भार असतानाही दोर हळूहळू सोडता येतो; गाठ मारली तर ओढीने ती आवळते आणि ऐन वेळी सुटत नाही. हंडी चढवण्याआधी दोराला मधोमध वाळूचं पोतं टांगून बघावं. गाठ सरकते का, खांबाजवळ गिलावा तडकतो का, हे तेव्हाच कळतं.

मडकं शिंक्यात बसवायचं. सुतळीच्या चार जाड पेडांची बुडाखाली गाठ मारावी, पेड चारही बाजूंनी वर घ्यावेत, गळ्याभोवती एक फेरा देऊन त्यांना जागच्या जागी धरावं आणि वर एकत्र बांधावं. तीन पेडांत मडकं कलतं, चारांत नीट बसतं. मडकं पातळ, कच्च्या रंगाचं घ्यावं. त्यावर प्लास्टर किंवा कापडाचे थर चढवले की एका फटक्यात ते फुटत नाही, आणि थर वर ताटकळत राहतो. आत दही, पोहे, लाह्या, काकडी असा काला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरावा. उरलेल्या जागेत दही ओतलं तर प्रत्येक लिटरमागे किलोभर वजन वाढतं. मडक्याच्या तोंडावरचा नारळ देखणा दिसतो, पण धक्क्याने तो सरळ खालच्या डोक्यांवर येतो. त्याऐवजी कागदी नारळ ठेवावा.

सजावटीला श्रावणातला पाऊस लक्षात ठेवावा लागतो. झेंडूची दाट माळ भिजली की पाणी धरून बसते. सुटी फुलं अंतर ठेवून दोऱ्यात ओवली तर तेवढीच शोभा कमी फुलांत येते. माळा तारेऐवजी दोऱ्यानेच बांधाव्यात, कारण फुटताना तार गोविंदाच्या चेहऱ्याला लागते. पताकांना पतंगाचा पातळ कागद चांगला. भिजला तरी फाटून गळतो, दोराला ओझं होत नाही. पताका मुख्य दोराला न डकवता वेगळ्या बारीक सुतळीवर लावाव्यात. मुख्य दोर त्यांच्याखाली झाकला गेला, तर त्याचा एखादा पेड तुटल्याचं कुणाला दिसत नाही. चकचकीत जिलेटिन पट्ट्या आणि काचेच्या टिकल्या मात्र टाळाव्यात. मडक्याबरोबर त्याही खाली उभ्या असलेल्या मुलांवर पडतात.